कर्मचाऱ्याचा मोबाइल आणि संस्थेची पत

राज्य शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी शासकीय कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयी एक परिपत्रक काढले. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगवेगळे ठेवावे. वैयक्तिक खात्यावर परिचयचित्राखेरीज पदनाम, बोधचिन्ह, गणवेश, शासकीय वाहन किंवा इमारत दिसेल असे छायाचित्र वा रील टाकू नये. गोपनीय कागद परवानगीशिवाय प्रसारित करू नये. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये. बदली झाल्यावर कार्यालयीन खाते रीतसर हस्तांतरित करावे, अशा त्यातील मुख्य सूचना आहेत. ते कंत्राटी आणि बाह्यस्रोतांतून घेतलेल्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, आणि भंग झाल्यास १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार कारवाईची तरतूद आहे. गडचिरोलीच्या जिल्हा परिषद शिक्षकापासून चंद्रपूरच्या वनरक्षकापर्यंत सर्वांना ते बांधील करते.

या परिपत्रकानंतर खासगी संस्थांनाही आपल्याकडे असे काही असावे असे वाटू लागले, आणि ते योग्यच आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांची दुकाने, भात गिरण्या, शाळा, पतसंस्था आहेत. तेथे पाच-पंचवीस माणसे कामाला असतात आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो. परंतु शासनाचे परिपत्रक घ्यायचे, ‘शासन’ या शब्दाच्या जागी ‘संस्था’ लिहायचे आणि सर्वांच्या सह्या घ्यायच्या, हा मार्ग मला धोक्याचा वाटतो. शासकीय सेवकावर वर्तणूक नियमांचे जुने बंधन आहे. त्याच्या मागे तशी कायद्याची चौकट आहे. बारा कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेला ती चौकट नाही आणि तिचे धोकेही निराळे आहेत. संस्थेचे नेमके काय बिघडू शकते हे आधी पाहावे आणि तेवढ्यापुरतेच लिहावे. या लेखात पतसंस्थेचेच उदाहरण घेतो, कारण हिशेबाच्या कामातच माझे आयुष्य गेले.

समजा, मूल-चामोर्शीकडच्या एखाद्या बाजाराच्या गावात दहा कोटींच्या ठेवी असलेली पतसंस्था आहे. त्यांपैकी सात कोटी कर्जात गुंतले आहेत, अडीच कोटी जिल्हा बँकेत मुदत ठेवींच्या रूपाने आहेत, बेचाळीस लाख चालू खात्यात आणि आठ लाख तिजोरीत. संस्था सशक्त आहे, थकबाकी मर्यादेत आहे. आता बाजाराच्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तिजोरीतील आठ लाख संपतात. यात विशेष काही नाही. धान विकून आलेले शेतकरी, लग्नसराई, शाळेची फी अशा कारणांनी एखाद्या दिवशी मागणी वाढते. शिपाई जिल्हा बँकेतून रोकड आणायला जातो आणि साडेतीनपर्यंत परततो. दरम्यान एक लिपिक, केवळ लोकांची खेप वाचावी म्हणून, गावाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहितो: ‘आज संस्थेत कॅश संपली, उद्या या.’

वाक्य खरे आहे. हेतूही चांगला आहे. पण संदेश पुढे जाताना त्याची कात्री होते. संध्याकाळपर्यंत ‘आज’ गळतो, ‘उद्या या’ गळते आणि ‘संस्थेत कॅश संपली’ एवढेच शेजारच्या आठ गावांत पोहोचते. दुसऱ्या दिवशी दोनशे ठेवीदार प्रत्येकी चाळीस हजार मागायला आले, तर ऐंशी लाख हवेत. हाताशी आहेत फार तर बेचाळीस. जिल्हा बँकेतील मुदत ठेव मोडावी लागते, व्याज बुडते, पण दिवस निभावतो. हजार ठेवीदार आले तर चार कोटी लागतील, आणि कर्जात गेलेले पैसे सोडले तर संस्थेकडे एकूण तीन कोटीही नाहीत. सशक्त संस्थाही येथे कोसळते, कारण कर्जदाराकडून दोन दिवसांत वसुली होत नसते. शिवाय बँकेतील ठेवींना पाच लाखांपर्यंत जे ठेव विम्याचे संरक्षण असते, ते पतसंस्थेच्या ठेवींना नाही, ही गोष्ट गावात अनेकांना ठाऊक असते. म्हणून येथे भीती लवकर पसरते.

हे काही खेड्यापुरते नाही. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेतून ९ मार्च २०२३ या एका दिवसात ठेवीदारांनी बेचाळीस अब्ज डॉलर काढण्याची मागणी नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी ती बँक बंद करण्यात आली. तेथे मूळ दुखणे ताळेबंदात होते, हे खरे. पण ते दुखणे एका दिवसात जिवावर बेतले, ते मोबाइलवरून फिरलेल्या संदेशांमुळे आणि मोबाइलवरूनच पैसे काढता येत असल्यामुळे.

अशी लाट येत आहे हे व्यवस्थापकाला आधी कसे कळावे? पहिली खूण पिग्मी एजंटांकडून मिळते. दारोदार फिरणाऱ्या एजंटाला दोन-चार घरी ‘संस्था ठीक आहे ना?’ असा प्रश्न आला की त्याने त्याच संध्याकाळी सांगितले पाहिजे. दुसरी खूण म्हणजे मुदतपूर्व ठेव मोडण्याचे अर्ज. एरवी आठवड्यात दोन येत असतील आणि एका सकाळी सात आले, तर कारण विचारावे. तिसरी खूण, एरवी फक्त भरणा करणारा दुकानदार अचानक शिल्लक विचारतो.

उपाय त्याच तासाभरात करावा लागतो. व्यवस्थापकाने, आणि फक्त त्यानेच, त्याच गटावर लिहावे: ‘बाजारामुळे मागणी वाढल्याने रोकड जिल्हा बँकेतून मागवली आहे. आज दुपारी साडेतीनपासून पैसे देणे पुन्हा सुरू होईल. खिडकी आज सहापर्यंत उघडी राहील.’ यात कारण आहे, वेळ आहे आणि पडताळून पाहता येईल असे वचन आहे. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हे वाक्य मात्र टाळावे. ज्याला अफवा ठाऊक नव्हती, त्यालाही ते ती कळवते. आणि साडेतीन म्हटले तर साडेतीनला पैसे मिळालेच पाहिजेत. ज्या लिपिकाने पहिला संदेश टाकला त्याने तो पुसून टाकू नये, त्याखालीच दुरुस्ती लिहावी. पुसलेल्या संदेशाची जागा गटात दिसते आणि ‘काहीतरी दडवले’ असा अर्थ लोक काढतात.

गडचिरोलीच्या दक्षिण भागात आणखी एक अडचण आहे. भामरागड, एटापल्ली, सिरोंचाकडील अनेक गावांत मोबाइलला सलग जाळे मिळत नाही. माणूस टेकडीवर किंवा मोठ्या गावात आला की अडलेले संदेश एकदम उतरतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताही तुटतो. अशा ठिकाणी सोमवारचा घाबरवणारा संदेश गुरुवारी वाचला जातो आणि त्यावरची दुरुस्ती कदाचित वाचलीच जात नाही. म्हणून तेथील संस्थेने प्रत्येक संदेशात दिनांक आणि वेळ लिहिण्याची सक्ती करावी, आणि महत्त्वाचा खुलासा कागदावर लिहून आठवडी बाजारात व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. सिरोंचाकडे तो तेलुगूतही असावा.

संस्थेच्या माणसाने संदेश नुसता पुढे पाठवला तरी त्याला संस्थेचा शिक्का बसतो, हेही कर्मचाऱ्यांना समजावून द्यावे लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रह्मपुरीच्या वनविश्रामगृहाबाहेर बसलेल्या माणसावर वाघाने झडप घातल्याची एक चित्रफीत सर्वत्र फिरली. ती बनावट होती. असे काही घडलेच नाही, असा खुलासा वनविभागाला करावा लागला. ज्या भागात वाघाने माणूस मारल्याच्या खऱ्या बातम्या येतात, तेथे अशी चित्रफीत कोणालाही खरी वाटणार. सामान्य गावकऱ्याने ती पुढे पाठवली तर ती गावगप्पा ठरते. वनमजुराने पाठवली तर ‘खात्याच्या माणसानेच पाठवली’ असे होते. पतसंस्थेच्या रोखपालाने दुसऱ्या एखाद्या बँकेविषयीचा संदेश पुढे ढकलला, तर त्याचेही असेच होते.

दुसरा धोका ग्राहकाच्या माहितीचा. राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू होताना आम्हाला निष्ठा आणि गोपनीयतेच्या घोषणापत्रावर सही करावी लागे. ग्राहकाचा व्यवहार कायद्याची गरज किंवा प्रस्थापित बँकिंग प्रथा सोडून कोणाला सांगायचा नाही, हे १९७० च्या राष्ट्रीयीकरण कायद्यातच होते. त्या वेळी गुपित फुटायचे ते चहाच्या टपरीवर आणि चार माणसांत. आता ते कर्मचाऱ्याच्या वाढदिवसाच्या छायाचित्रातून फुटते. केक कापणाऱ्यांच्या मागे संगणकाचा पडदा उघडा असतो आणि त्यावर कोणाचे तरी कर्जखाते. छायाचित्र मोठे केले की नाव आणि बाकी वाचता येते. कर्जवाटपाच्या कार्यक्रमात लाभार्थी महिलेच्या हाती धनादेश देतानाचे छायाचित्र हौसेने टाकले जाते. धनादेशावर खाते क्रमांक असतो, खाली रक्कम लिहिलेली असते. त्या बाईच्या सासरी कर्जाची गोष्ट ठाऊक आहे की नाही, हे कोणी विचारलेले नसते.

येथे मला ताडोब्याचा नियम अनुकरणीय वाटतो. व्याघ्र प्रकल्पात सफारीच्या गाडीत मोबाइल नेण्यास २०१८ च्या डिसेंबरपासून मनाई करण्यात आली. वाघीण कोठे दिसली हे वाहनचालक-मार्गदर्शक एकमेकांना कळवत आणि मग दहा-वीस गाड्या तिला घेरत, हे त्यामागचे एक कारण होते. ‘वाघाचे ठिकाण कळवू नका’ असा नियम कागदावर राहिला असता, कारण तो पाळला की मोडला हे पाहणारे कोणी नसते. मोबाइल प्रवेशद्वारावरच ठेवायचा म्हटल्यावर तपासणी सोपी झाली. पतसंस्थेतही ‘गोपनीयता पाळावी’ या उपदेशापेक्षा ‘रोख खिडकीच्या आत आणि संगणक कक्षात कामाच्या वेळी मोबाइल कप्प्यात राहील, छायाचित्रे बाहेरच्या दालनातच काढावीत’ हे वाक्य अधिक काम करते. तातडीच्या निरोपासाठी घरच्यांना कार्यालयाचा क्रमांक देऊन ठेवावा. नाहीतर लहान मुलांच्या आया असलेल्या भगिनींवर तो नियम अन्याय करील.

वसुलीच्या बाबतीत तर संस्था स्वतःच चूक करायला प्रवृत्त होते. थकबाकीदाराचे नाव आणि छायाचित्र गावाच्या गटावर टाकले की लाजेने पैसे येतात, असा अनेक संचालकांचा समज आहे. केरळमध्ये एका सहकारी संस्थेने थकबाकीदारांची छायाचित्रे फलकावर लावली होती. ते व्यक्तीच्या प्रतिष्ठेच्या आणि खासगीपणाच्या हक्काचे उल्लंघन आहे, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ च्या डिसेंबरमध्ये म्हटले. फलक एका चौकात असतो. गटावरचे छायाचित्र तर कायमचे फिरत राहते. तेव्हा वसुली अधिकाऱ्याने उत्साहाच्या भरात असे काही केले, तर त्याचा जाब संस्थेलाच द्यावा लागेल. कायद्याने नोटीस, दाखला, जप्ती असे वसुलीचे रीतसर मार्ग दिले आहेत. ते सोडून आडवाटेने जाण्याचे कारण नाही.

आता सर्वांत नाजूक भाग: कर्मचाऱ्याने संस्थेवरच टीका केली तर? दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. तमिळनाडू ग्राम बँकेच्या एका कर्मचाऱ्याने, जो संघटनेचाही कार्यकर्ता होता, सहकाऱ्यांच्या खासगी व्हॉट्सॲप गटात वरिष्ठांच्या कारभाराची टिंगल करणारे संदेश टाकले. बँकेने त्याला आरोपपत्र दिले. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २०२३ मध्ये ते रद्द केले. माणसाला आपली नाराजी बोलून मोकळे होण्याचा हक्क आहे. चार सहकारी घरात बसून साहेबांविषयी बोलले असते तर बँकेने कारवाई केली असती काय, असा त्या निकालाचा आशय आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे हिताची ॲस्टेमो फाय या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे प्रकरण होते. वेतनकराराचा वाद चालू असताना एका कामगाराने फेसबुकवर व्यवस्थापनाविरुद्ध दोन मजकूर टाकले. कामगार न्यायालयाने त्याची बडतर्फी रद्द केली होती. उच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या मजकुराचा हेतू द्वेष आणि चिथावणी पसरवण्याचा होता, आणि अशा गोष्टी वेळीच रोखल्या पाहिजेत, असे न्यायालयाचे मत पडले.

दोन्ही ठिकाणी टीका होती. फरक कोठे पडला? एक म्हणजे ऐकणारे कोण होते: मोजके सहकारी, की फेसबुकवरचे कोणीही. दुसरे म्हणजे शब्द काय करायला सांगत होते: मन मोकळे करत होते, की इतरांना भडकवत होते. वाद पेटलेला असताना लिहिले, हेही वजन वाढवणारे ठरले. ‘व्यवस्थापक सुटीचे अर्ज अडवतात’ असे कर्मचाऱ्यांच्या गटात लिहिणे आणि ‘या संस्थेत पैसे ठेवू नका’ असे गावाच्या गटात लिहिणे, यांना एकाच मापाने मोजणारे टिपण न्यायालयात टिकणे कठीण आहे. म्हणून शासकीय परिपत्रकातील ‘प्रतिकूल टीका करू नये’ हे वाक्य खासगी संस्थेने उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय ते अव्यवहार्यही आहे. तक्रार दाबली की ती नाहीशी होत नाही. ती बनावट नावाच्या खात्यावरून बाहेर येते, आणि मग कोणी लिहिले हेही कळत नाही.

या सर्वांचा विचार करून टिपण लिहायचे तर ते दोन पानांपेक्षा मोठे नसावे. मी असा मसुदा सुचवीन: ‘रोकड, ठेवी, व्याजदर, कर्जे, तपासणी आणि संस्थेची आर्थिक स्थिती यांविषयी कोणत्याही गटावर किंवा समाजमाध्यमावर फक्त व्यवस्थापक, आणि त्यांच्या अनुपस्थितीत सहायक व्यवस्थापक, लिहितील. इतरांना कोणी विचारल्यास त्यांनी कार्यालयाचा क्रमांक द्यावा. ग्राहकाचे नाव, छायाचित्र, खाते, रक्कम किंवा थकबाकी त्याच्या लेखी संमतीखेरीज कोठेही टाकू नये. संमती दिलेली असली तरी खाते क्रमांक झाकावा. संस्थेचे नाव वा बोधचिन्ह वापरून वैयक्तिक मत मांडू नये. कामाविषयीची तक्रार कर्मचाऱ्याने लेखी द्यावी. सात दिवसांत लेखी उत्तर मिळेल. सहकाऱ्यांशी खासगीत बोलणे, संघटनेचे काम करणे आणि कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे तक्रार करणे या टिपणाच्या कक्षेत येत नाही.’ शेवटचे वाक्य संचालकांना आवडत नाही. पण संस्थेत खरोखर अफरातफर होत असेल आणि कर्मचाऱ्याने उपनिबंधकांकडे तक्रार केली असेल, तर टिपणाच्या आधारे त्याचे तोंड बंद करणे हाच पुढे मोठा आरोप ठरतो.

पिग्मी एजंटांना हे टिपण आठवणीने द्यावे. ते बहुधा कमिशनवर असतात, म्हणून कर्मचाऱ्यांच्या यादीतून सुटतात. पण गावात संस्थेचा चेहरा तेच असतात आणि शंभर-दोनशे ठेवीदारांचे क्रमांक त्यांच्याच मोबाइलमध्ये असतात.

भंग झालाच तर पुरावा नीट जपावा. कोणीतरी दाखवलेले पडद्याचे छायाचित्र पुरेसे नसते. गटाचे नाव, संदेशाचा दिनांक-वेळ, पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि ज्या मोबाइलवर तो संदेश आला तो मोबाइल कोणाचा, हे त्याच दिवशी दोन साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवावे. न्यायालयात जाण्याची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, आणि मूळ मोबाइल हाती नसेल तर ते मिळवणे अवघड जाते. मग लेखी आरोप, लेखी खुलासा, बाजू मांडण्याची संधी आणि त्यानंतर आदेश, हा क्रम चुकवू नये. वर सांगितलेल्या ‘कॅश संपली’ लिहिणाऱ्या लिपिकाला समज देऊन सोडावे. ज्याने मुद्दाम खोटा आकडा लिहिला, त्याची गोष्ट वेगळी. दोघांना एकच शिक्षा देणारी संस्था पहिल्याच दाव्यात हरते.

एक बारीकसे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते. ठेवीदारांचा व्हॉट्सॲप गट एखाद्या कर्मचाऱ्याने आपल्या खासगी क्रमांकावरून काढलेला असतो. तो निवृत्त होतो किंवा शेजारच्या संस्थेत जातो, आणि चारशे ठेवीदारांच्या गटाचा चालक तोच राहतो. शासनाने बदलीच्या वेळी खाते हस्तांतरित करण्याची अट घातली आहे, ती येथे जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. संस्थेने स्वतःच्या नावावर एक सिमकार्ड घ्यावे, गट त्या क्रमांकावरूनच चालवावा, आणि कार्यमुक्तीच्या दाखल्यावर किल्ल्या व शिक्के परत घेतल्याच्या नोंदीखाली गटाचा ताबा परत घेतल्याचीही ओळ लिहावी.